ढोल-ताशाचा सराव, मैदानातला एकच दिवा आणि फोनचा मॅन्युअल मोड

## पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाण्यातल्या एका मध्यम आकाराच्या ढोल-ताशा पथकाचं आहे. पथकाचं नाव आणि माणसांची ओळख मुद्दाम दिलेली नाही. सराव ठाणे पूर्वेच्या एका मैदानावर, पावसाळ्यात, संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत चालायचा. नोकरी-कॉलेज उरकून पोरं येणार, म्हणजे उजेड मावळल्यावरच पहिला ठोका पडणार. मैदानाच्या एका कोपऱ्यात खांबावर पांढऱ्या एलईडीचा एक फ्लडलाइट, आणि पलीकडच्या रस्त्यावर जुन्या पद्धतीचे पिवळे सोडियमचे दिवे. उजेड म्हणून जो काही होता तो एवढाच.

पथकाला एका मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीची सुपारी हवी होती. मंडळाने सरावाचे फोटो आणि एक छोटा व्हिडिओ मागितला. व्हिडिओचं काम भागलं, कारण आवाज दणदणीत होता आणि चित्राकडे कोणी फार बघत नाही. फोटोंनी मात्र घोळ घातला. फोटो काढायची जबाबदारी पथकात ताशा वाजवणाऱ्या एका मुलीकडे होती. तिच्याकडे मधल्या किमतीचा अँड्रॉइड फोन होता, त्यात `Pro` नावाचा मोड होता, आणि तो तिने कधी उघडला नव्हता. मी वीकेंडला हौशी लोकांना फोटोग्राफी शिकवतो. पथकप्रमुखाची माझी जुनी ओळख. त्याचा फोन आला तो असा: "काका, मंडळवाल्यांना परवा फोटो पाठवायचेत. पोरं वाजवताना दिसली पाहिजेत. आत्ता सगळी भुतं दिसतायत."

## अडचण

पहिल्या संध्याकाळचे फोटो मी फोनवरच पाहिले. ऑटोमध्ये काढलेल्या फोटोंत चेहरे बऱ्यापैकी उजळ होते, मागचा खांब आणि भिंत चक्क धारदार होती, पण वादकांचे हात कोपरापासून पुढे विरघळलेले. टिपरू तर काही फोटोंत दिसतच नव्हतं. नाइट मोडमध्ये काढलेल्या फोटोंत आणखी वेगळी गंमत होती. एका ढोलवाल्याला तीन मनगटं होती आणि ध्वजाची कड दोन ठिकाणी होती.

फोटोची माहिती उघडली की कारण लगेच सापडतं. ऑटोने शटर १/२५ सेकंद आणि आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा, ८०० निवडला होता. भिंत स्पष्ट आणि हात पुसट, म्हणजे फोन हललेला नाही, माणूस हललाय. हा फरक आधी ओळखावा लागतो, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. फोनमधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सांभाळतं. समोरच्याच्या हालचालीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. ट्रायपॉड आणला असता तरी टिपरू तितकंच पुसट आलं असतं.

थोडं गणित करून बघू. ढोलावर ठोका मारताना टिपऱ्याचं टोक अंदाजे सेकंदाला तीन मीटर वेगाने जातं असं धरू. शटर १/२५ सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात टोक १२ सेंटिमीटर सरकतं. १/१०० ला तीन सेंटिमीटर, १/५०० ला सहा मिलिमीटर. वादकाचं धड आणि चेहरा मात्र ठेक्यावर हळू डोलतात, सेकंदाला अर्धा मीटर म्हणा. ते १/२५ ला दोन सेंटिमीटर सरकतात आणि १/१०० ला जेमतेम अर्धा. म्हणजे १/१०० वर चेहरा वाचतो आणि टिपऱ्याला थोडी शेपटी येते. १/५०० वर सगळंच थांबतं, पण त्याला १/२५ पेक्षा वीसपट उजेड लागतो, आणि तो मैदानात नव्हता.

रंगाचा प्रश्न वेगळाच. लागोपाठ काढलेल्या फोटोंत एकाच मुलाचा चेहरा एकदा सावळा, एकदा राखाडी, एकदा हिरवट. ऑटो व्हाइट बॅलन्स चौकटीत जे काही दिसतं त्यावरून उजेडाचा रंग ताडतो. भगवा ध्वज अर्धी चौकट व्यापून फडकला की त्याला वाटतं उजेडच भगवा आहे, मग तो निळा ओततो आणि चेहरे राखेसारखे होतात. ध्वज बाजूला गेला की पुन्हा पहिला रंग. मंडळाला पाठवायच्या सहा फोटोंत सहा रंगांचे चेहरे असते तर शोभलं नसतं.

## कोणते पर्याय होते

पथकप्रमुखाची पहिली सूचना कॅमेरा भाड्याने आणण्याची होती. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि f/१.८ ची लेन्स असती तर आयएसओ ३२०० वरही चित्र स्वच्छ आलं असतं, यात वाद नाही. पण चालवणारी तीच मुलगी, हातात नवं यंत्र, आणि एकच संध्याकाळ. शिवाय खाली येणारी दिव्याच्या लुकलुकीची भानगड त्या कॅमेऱ्यालाही चुकली नसती. तो पर्याय सोडला.

व्हिडिओतून फ्रेम काढायची असंही एकाने सुचवलं. फोर-के व्हिडिओची एक फ्रेम सुमारे ८० लाख पिक्सेलची असते, व्हॉट्सअॅपला भरपूर झाली. पण कमी उजेडातल्या व्हिडिओत फोन चित्रातले खरखरीत दाणे पुसायला जातो आणि त्यात चेहऱ्याची कातडी मेणासारखी गुळगुळीत होते. दुसरा उपाय जमलाच नाही तर हे, असं ठरवून तो बाजूला ठेवला.

फ्लॅशचा विचार मी लगेच मोडीत काढला. फोनचा फ्लॅश दोन-अडीच मीटरच्या पलीकडे पोचत नाही, आणि ताशेवाल्यांच्या डोळ्यांवर तो पडला तर ठेका चुकतो. पथकप्रमुखाने हे ऐकून मान डोलावली, बाकी कशावर नाही.

उरला मॅन्युअल मोड. फोनमध्ये अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, बहुतेक वेळा ठरलेलंच असतं, या फोनच्या मुख्य लेन्सचं f/१.८ होतं. म्हणजे हातात तीनच गोष्टी: शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं, त्याच्या मूळ कॅमेरा अॅपमध्ये शटर हाताने ठरवता येत नाही, त्यासाठी वेगळं अॅप घ्यावं लागतं.

## पहिला निर्णय: शटर किती

दुसऱ्या संध्याकाळी मी मैदानावर पोचलो तेव्हा तिने स्वतःच `Pro` उघडून शटर १/५०० वर नेलं होतं. कुठेतरी वाचलं होतं की खेळाच्या फोटोंना १/५०० लागतं. आयएसओ ३२०० वर टेकला होता, त्याच्या पुढे फोन जात नव्हता. फोटो काळपट होते. पण त्याहून वाईट म्हणजे फोटोत आडवे काळे पट्टे होते, दोन-तीन, रुंद, कडा मऊ.

"काका, लेन्स खराब झालीय का?"

"फोन उभा धर आणि परत काढ."

उभ्या फोनमध्ये पट्टे उभे आले. तिथेच निदान झालं. खांबाची सावली असती तर फोन वळवल्याने ती वळली नसती. पट्टे फोनबरोबर वळतात याचा अर्थ ते सेन्सर ज्या रीतीने चित्र वाचतो त्यातून आले आहेत.

हे असं होतं: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. स्वस्त एलईडी दिव्यात वीज एकसारखी करून देणारं सर्किट, म्हणजे चांगला ड्रायव्हर, नसेल तर तो सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक फेरा. डोळ्यांना ते दिसत नाही. फोनचा सेन्सर सगळं चित्र एकदम उचलत नाही, एकेक ओळ करत वरून खाली वाचत जातो, आणि या पूर्ण वाचनाला त्याला १० ते ३० मिलिसेकंद लागतात. शटर १/५०० असेल तर प्रत्येक ओळीला फक्त २ मिलिसेकंदांचा उजेड मिळतो. दिवा प्रखर असताना वाचलेल्या ओळी उजळ, मंद असताना वाचलेल्या काळपट. पट्टे तयार.

शटर १/१०० ठेवलं की प्रत्येक ओळीला बरोबर १० मिलिसेकंद, म्हणजे एक पूर्ण फेरा मिळतो. कुठूनही सुरुवात केली तरी एकूण उजेड सारखाच. १/५० ला दोन फेरे, तेही चालतं. १/१२५ ला पट्टे अगदी फिके असतात, १/२५० ला नजरेत भरतात. ऑटो मोड गुपचूप याच आकड्यांच्या पाढ्यावर चालतो, १/१००, १/५०, १/३३, १/२५, म्हणूनच ऑटोच्या फोटोंत पट्टे नव्हते. मॅन्युअलमध्ये गेल्यावर फोन ही काळजी घेणं सोडून देतो आणि सांगतही नाही.

तिने सेटिंग १/१०० वर आणलं, पट्टे गेले. म्हणजे या दिव्याखाली शटर हवं ते निवडण्याची मोकळीक मुळात नव्हतीच. हालचाल म्हणत होती १/२५० तरी द्या, दिवा म्हणत होता १/१०० च्या पुढे जाऊ नका. आम्ही दिव्याचं ऐकलं आणि हालचालीची तोड दुसरीकडे शोधली.

## दुसरा निर्णय: उजेड वाढवायचा की आयएसओ

पहिल्या संध्याकाळचा हिशोब हाताशी होताच. १/२५ ला आयएसओ ८०० लागला होता. शटर १/१०० केलं की उजेड चौथ्या हिश्शावर येतो, मग तोच उजळपणा हवा तर आयएसओ चौपट, म्हणजे ३२००. तो लावून बघितला. फोटो उजळला, पण चेहऱ्यावर रंगीत दाणे इतके की गालावर गुलाल-हिरवळ दोन्ही उगवल्यासारखं दिसत होतं. ऑटो आणि नाइट मोडमध्ये फोन अनेक फ्रेम एकत्र करून दाणे गाळतो. बऱ्याच फोनच्या `Pro` मोडमध्ये ती गाळणी नसते किंवा फार कमी असते. त्यामुळे एकाच आयएसओला ऑटोचा फोटो स्वच्छ आणि मॅन्युअलचा खरखरीत दिसू शकतो. यात काही बिघडलेलं नसतं. आणि हलत्या माणसाच्या बाबतीत ती गाळणी नसलेलीच बरी, तीन मनगटं तिनेच दिली होती.

मग मी खांबाकडे बघितलं. दिवा साधारण सहा मीटर उंचीवर होता आणि पथक खांबापासून पंधरा मीटर लांब, मैदानाच्या मध्यावर उभं होतं. तिरकं अंतर सोळा मीटरच्या आसपास. पथकाला खांबापासून पाच मीटरवर आणलं तर तिरकं अंतर आठ मीटरच्या आत येतं. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो, अर्थात दिव्याचा झोत त्या जागेवर रोखलेला असेल तर. इथे तो थोडा खाली झुकलेला होता, त्यामुळे जमण्यासारखं होतं.

पथकप्रमुख तयार होईना. "मध्यावर उभं राहिलं की आवाज घुमतो, आणि ओळी मोकळ्या राहतात." त्याचं म्हणणं चूक नव्हतं, सराव त्याचा होता. शेवटी तोडगा असा निघाला की शेवटचा अर्धा तास, सगळे हात तापल्यावर, पुढच्या दोन ओळी खांबाकडे आणायच्या आणि त्यांची तोंडं दिव्याकडे करायची. फोटो काढणारी दिव्याकडे पाठ करून, जराशी बाजूला. अगदी समोरून उजेड पडला तर चेहरे सपाट दिसतात, बाजूने पडला तर मनगटाच्या शिरा आणि ढोलाची दोरी उठून दिसते.

जागा बदलल्यावर १/१०० ला आयएसओ ८०० पुरला. या एका हलवाहलवीने जे मिळालं ते कुठल्याच बटणाने मिळालं नसतं.

एक लहानसं काम त्याआधी केलं. दिवसभर खिशात असलेल्या फोनच्या लेन्सवर घामाचा तेलकट थर होता आणि त्यात पावसाची भुरभुर. दिव्यातून लांब धुरकट रेघा निघत होत्या. तिने ओढणीच्या कोरड्या टोकाने पुसली आणि फोटोतला काळा भाग एकदम काळा झाला.

ध्वजाने मात्र आयएसओ थोडा खाली खेचला. ध्वज उंच उचलला की तो दिव्याच्या आणखी जवळ जातो, चेहऱ्यांहून जास्त उजळतो, आणि भगव्या रंगात लाल आधीच भरपूर असतो. आयएसओ ८०० वर फडकत्या ध्वजाच्या घड्या नाहीशा होऊन नुसता सपाट नारिंगी तुकडा दिसत होता. ६४० वर घड्या परत आल्या, चेहरे नावापुरते मंद झाले. ऑटो असता तर ध्वज वर गेला की फोटो काळा, खाली आला की पांढरा, असं झोके घेत राहिला असता. मॅन्युअलमध्ये एकदा ठरवलेला उजळपणा चौकटीत काहीही आलं तरी तोच राहतो. पथक जागेवर होतं, दिवा जागेवर होता, मग आकडे बदलायचं कारणच नव्हतं.

## तिसरा निर्णय: रंग

व्हाइट बॅलन्ससाठी कोरा पांढरा कागद घेतला, पुढच्या ओळीतल्या एका वादकाच्या छातीशी धरायला लावला, आणि उजेडाच्या रंगाचा केल्विनमधला आकडा सरकवत कागद ना निळा ना पिवळा दिसेपर्यंत आणायला सांगितला. ती थांबली ४३०० वर. मला ते खटकलं. कूल व्हाइट एलईडी साधारण ६००० केल्विनच्या आसपास असतो. कॅमेऱ्याला आकडा त्याहून खूप कमी दिला तर फोटो निळा यायला हवा. तरी तिच्या स्क्रीनवर कागद छान पांढरा दिसत होता.

तिने एक फोटो पथकप्रमुखाला पाठवला. त्याच्या फोनवर सगळे निळसर.

भानगड तिच्या फोनच्या स्क्रीनची होती. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून संध्याकाळ झाली की स्क्रीन आपोआप पिवळी करणारी सेटिंग चालू होती. पिवळ्या स्क्रीनवर कागद पांढरा दिसायचा म्हणजे फोटो निळा करावा लागणारच. ती सेटिंग बंद केली आणि पुन्हा कागद धरला, आता आकडा ५८०० वर थांबला. रात्री रंग ठरवणाऱ्या कोणालाही हे होऊ शकतं, आणि एकट्याने बसून ते कळत नाही, कारण चुकीची स्क्रीन चुकीच्या फोटोला बरोबरच दाखवते. स्क्रीनच्या उजळपणाचंही तसंच. अंधारात डोळे सरावलेले असताना मंद फोटोही लख्ख वाटतो आणि सकाळी बघावं तर काळोख. म्हणून उजळपणा मध्यावर ठेवला आणि शंका आली की फोनमधला काळोख-उजेडाचा आलेख बघायचा ठरवला, त्यातला डोंगर डाव्या भिंतीला चिकटला नाही ना एवढंच.

रस्त्याकडच्या सोडियमच्या दिव्यांचं काय, असा प्रश्न राहिला होता. त्यांचा उजेड मुख्यतः पिवळाच असतो. केल्विन कितीही खाली नेला तरी त्या उजेडात भगवं, लाल आणि तपकिरी नीट वेगळं करता येत नाही, कारण बाकीचे रंग त्या उजेडात फारच कमी असतात. तिथे आकड्याशी झगडण्यात अर्थ नव्हता. रस्त्याच्या बाजूचे वादक चौकटीतून वगळले, आणि मागे जो पिवळा उजेड दिसत होता तो तसाच राहू दिला. रात्रीचं मैदान वाटायला त्याची मदतच झाली.

## चौथा निर्णय: दाबायचं कधी

१/१०० वर टिपऱ्याला तीन सेंटिमीटरची शेपटी येणार हे ठरलेलं होतं, पण ते टिपरू पूर्ण वेगात असताना. ठोक्याच्या फेऱ्यात एक क्षण असा असतो की हात वरच्या टोकाला पोचून थांबतो आणि मग खाली येतो. त्या क्षणी वेग शून्याजवळ असतो, आणि १/१०० तिथे रग्गड आहे. ध्वजाचंही तेच, एका बाजूने दुसरीकडे वळताना तो क्षणभर लटकतो.

हे सांगायला सोपं, पकडायला अवघड, पण इथे फोटो काढणारी स्वतः ताशा वाजवणारी होती. ठेका तिच्या अंगात होता. कोणत्या मात्रेला सगळे हात एकदम वर जाणार हे तिला बघून ठरवायची गरज नव्हती. अडथळा होता तो फोनच्या उशिराचा. बटण दाबल्यापासून फोटो टिपला जाईपर्यंत थोडा वेळ जातो, आणि `Pro` मोडमध्ये या फोनवर दाबून धरून धडाधड फोटो काढायची सोय नव्हती. सुरुवातीचे फोटो सगळे उशिरा आले, टिपरू ढोलाच्या पानावर टेकलेलं. मग तिने हात वर निघताच दाबायला सुरुवात केली, शिखराची वाट न बघता. ते लागू पडलं.

फोकसनेही आधी त्रास दिला. अंधारात फोन दर वेळी पुढे-मागे शोधत बसायचा. ज्या ओळीचा फोटो काढायचा तिच्यावर एकदा फोकस लावून तो पक्का केला, वादक जागेवरच होते, म्हणून निभावलं. आणि झूमला हात लावला नाही. टेलिफोटो लेन्स मुख्य लेन्सपेक्षा बहुधा कमी उजेड घेते. चार पावलं मागे सरकून नंतर फोटो कापला तरी पुसटपणा तेवढाच पडतो. मागे गेल्यावर तीच हालचाल चौकटीत लहान दिसते, पण कापून मोठी केली की पुसटपणाही मोठा होतो. फुकटात काही मिळत नाही.

## परिणाम

निवडून पाठवलेल्या फोटोंत चेहरे स्पष्ट होते, कातडीचा रंग सगळीकडे एक होता, ध्वजाला घड्या होत्या. ढोलवाल्यांची टिपरी वर उचललेली आणि धारदार. ताशाच्या काड्या मात्र सगळ्याच फोटोंत पुसट आल्या. त्या मनगटातून इतक्या वेगाने पडतात की त्यांना थांबण्याचा क्षण जवळपास नसतोच. पथकातल्या एकाने त्यावर नाक मुरडलं. मला ते फोटो उलट आवडले. चेहरा स्थिर आणि काड्यांच्या जागी नुसती धूसर पंख्यासारखी आकृती, त्यात वाजतंय हे कळतं. १/१००० वर थिजवलेल्या काड्या बघा, माणूस काड्या हवेत धरून उभा असल्यासारखा दिसतो.

गोल फिरून ध्वज नाचवणाऱ्या मुलाचा चांगला फोटो मिळालाच नाही. तो जागेवर थांबत नव्हता, फोकसच्या बाहेर जात होता, आणि ध्वजाचं टोक टिपऱ्याहून कितीतरी वेगात होतं. त्याचा व्हिडिओ पाठवला.

सुपारी मिळाली. फोटोंमुळे की पथकप्रमुखाने दर खाली आणल्यामुळे, ते त्यालाच माहीत.

## काय वेगळं करता आलं असतं

दिव्याची परीक्षा पहिल्याच संध्याकाळी घेता आली असती. `Pro` मध्ये शटर १/१००० ला नेऊन फोन दिव्याच्या उजेडातल्या एखाद्या पांढऱ्या भिंतीकडे धरायचा. दिवा लुकलुकणारा असेल तर स्क्रीनवरच पट्टे सरकताना दिसतात. दिसले नाहीत तर १/२५० किंवा १/५०० वापरायला हरकत नाही आणि शटरची सगळी कथाच बदलते. चांगल्या ड्रायव्हरच्या एलईडीखाली आणि जुन्या हॅलोजनखाली पट्टे बहुतेक येत नाहीत. हॅलोजनची तार तापलेलीच राहते, शंभरातल्या प्रत्येक फेऱ्यात विझायला तिला सवड मिळत नाही.

फोटो जेपीईजीऐवजी रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या माहितीच्या फाइलमध्ये, काढले असते तर व्हाइट बॅलन्स नंतर घरी बसून ठरवता आला असता आणि स्क्रीनच्या पिवळेपणाने फसवलं नसतं. जेपीईजीत निवडलेला रंग फोटोत शिजून जातो, थोडाफार सुधारता येतो, पूर्ण नाही. तिच्या फोनमध्ये जागा कमी होती आणि रॉ फाइल एकेक वीस-तीस एमबीची, म्हणून तो विचार सोडला होता. निदान कागदाचा फोटो आणि पहिले पाच-दहा रॉ मध्ये घेता आले असते.

पथकाला खांबाकडे आणायचं शेवटच्या अर्ध्या तासात ठरलं, त्यात पाऊस आला असता तर हातात काहीच उरलं नसतं. सुरुवातीची दहा मिनिटं तिथे वाजवायला लावलं असतं तरी चाललं असतं, फक्त तेव्हा हात थंड असतात आणि उचल बुटकी येते, असं ढोलवाल्यांचं म्हणणं पडलं.

विसर्जनाच्या रात्री हेच आकडे चालतील असं तिने गृहीत धरलं होतं. मिरवणुकीत दिवे जनरेटरवर असतात, आणि लहान जनरेटरची वारंवारता भार वाढला-घटला की ५० वरून थोडी इकडेतिकडे सरकते. मग १/१०० मध्ये बरोबर एक फेरा बसत नाही आणि फिके पट्टे परत डोकावतात. रंगीत एलईडीच्या माळा आणि ट्रकवरचे पार लाइट तर स्वतःच्या वेगळ्याच गतीने लुकलुकतात, त्यांना धरून चालणारा एक आकडा नाही. तिथे १/५० वर जाऊन बघायचं, पट्टे दिसलेच तर एकेक पायरी बदलत सगळ्यात कमी पट्टे कुठे येतात ते शोधायचं, आणि पथक पुढच्या चौकात गेलं की हे सगळं पुन्हा करायचं. व्हाइट बॅलन्स त्या रात्री तिने ५००० वर ठेवून दिला. चेहऱ्यांवर जांभळे-हिरवे उजेड पडत होते आणि ते दुरुस्त करण्यासारखे नव्हतेच.